पाच कमी शंभर

"कुठून पाहिलंस हे?"

मास्तरांनी माज्या हातातला कागद वढला आन् टेबलावर असा आपटला, की कडेवरची तानी दचकली आन् जी रडाया लागली ती थांबंचना. मला कायबी कळंना. म्या म्हनलं, "काय पाहिलं?" तर मास्तर म्हनले, "उत्तरं. माझ्या टेबलावरची उत्तरं. खोटं बोलू नकोस. पाणी प्यायच्या निमित्तानं इकडून तीनदा गेलीस."

चाचनीच्या दिशी माठ टेबलाच्या मागं हुता. पोरगी तान्ही, उनाचा वखत, तिचे ओठ सुकल्यालं, म्हनून बोट भिजवून तिच्या तोंडाला लावाया म्या गेले हुते. एवढंच. त्या टेबलावर काय हुतं, मास्तरांची टोपी का कागद का पोथी, देवाशप्पत म्या बघितलं न्हाई. पन माजी नजर आदी बाहीर गेली. कारन खिडकीतनं दिसत हुतं, म्होरच्या चिंचेखाली आमची गाडी सुटली हुती, बैलं पेंढा खात हुती आन् मामंजी जुवाला टेकून बसलं हुतं. माजं सासरं. आज निकाल लागायचा म्हनून ते कामथडीहून आलं हुतं, गाडीत भाताचा पेंढा घालून. बाजारबी व्हईल आन् सुनंचाबी निकाल लागंल.

सरळ सांगते, न्हाईतर तुमाला काय समजायचं न्हाई.

आमचे हे लढाईवर गेल्यालं. जाताना मामंजींना सांगून गेलं, हिला शिकूं द्या, चार बुकं झाल्याती, अजून थोडं शिकली तर शाळंत मास्तरीन व्हईल, माजं काय हुईल काय न्हाई. मामंजींनी मान हलवली, कारन लेक निघाला हुता, निघालेल्या लेकाला कोन न्हाई म्हननार. त्यो गेल्यावर मग म्हनाले, "शिकायचं ते शीक, पन चाचनी पास झाली तरच. न्हाई झाली तर गुमान घरी यायचं, वावरात उतरायचं, फिरून नाव काढायचं न्हाई." म्या व्हय म्हनलं. भोरात माजी मावशी हुती, तिच्या पडवीत राह्यले. मुलींच्या शाळंतल्या एका खोलीत आमा बायांचा वर्ग भरायचा, दुपारी, शाळा सुटल्यावर. इंग्रजी शाळंतलं मास्तर येऊन गणित शिकवायचं. आमी सा-सात बाया. त्यातली जी चाचनीत बरी निघंल तिला पुन्याला शिक्षिका व्हायला धाडायचं, लेकुरवाळी असली तरी घेत्यात, असं मास्तरच म्हनलं हुतं. पन तिथं बीजगणिताची तोंडवळख लागती. म्हनून ती अक्षरं घालून केल्याली गणितं. क्ष म्हंजी ठावं नसल्याला आकडा. एवढं मला पयल्याच दिशी पटलं हुतं. ठावं नसल्यालं तर आमच्या घरात सगळंच हुतं.

तर चाचनीचा कागद. जांभळ्या शाईनं उठवल्याला, वासाचा. त्यावर गणितं अशी:

सात कमी क्ष बरोबर वीस. क्ष किती?

क्ष कमी पन्नास बरोबर एकेचाळीस. क्ष किती?

क्ष उणे चार बरोबर सोळा. क्ष किती?

तीस उणे क्ष बरोबर बावीस. क्ष किती?

अशी एका खाली एक. मास्तरांनी मुद्दाम मिसळून घातली हुती, कमीची आन् उणेची. शेवटाला एक शेळ्यांचं.

माजं काय झालं ते सांगते. आमच्यात मोजताना कसं मोजत्यात? पेंढ्या मोजताना कुनी ब्यान्नव, त्र्यान्नव, चौऱ्यान्नव, पंच्यान्नव म्हनत न्हाई. जीभ अडकती, घोटाळा व्हतो. पाच कमी शंभर म्हनायचं. दोन कमी पन्नास. तीन कमी दीडशे. लहानपनापासनं म्या हेच ऐकलंय, हिर्डोशीला माज्या माहेरी रोप मोजताना, नाचनीची कणसं मोजताना. कमीच्या आदी येतं ते काढायचं, नंतर येतं त्यातनं काढायचं. पाच कमी शंभर म्हंजी शंभरातनं पाच गेलं. मग सात कमी क्ष म्हंजी काय? क्षातनं सात गेलं. क्ष - ७ = २०. म्हंजी क्ष सत्तावीस. बघा मांडून, सात कमी सत्तावीस, वीसच येत्यात. क्ष कमी पन्नास म्हंजी पन्नासातनं क्ष गेलं. ५० - क्ष = ४१. क्ष नऊ. नऊ कमी पन्नास, एकेचाळीस. चुकलं का कुटं?

ही कमीची सगळी माजी बरोबर आली. आन् सगळ्या वर्गात माजीच एकटीची बरोबर आली. हितंच घात झाला.

कारन मास्तरांनी एक नेम सांगितला हुता. "जसं वाचाल तसं मांडा. डावीकडून उजवीकडं. आधी जे वाचाल ते आधी, नंतर जे वाचाल ते नंतर." हा नेम मला ठावंच नव्हता! त्या दिशी तानीला ताप हुता, म्या मावशीच्या पडवीत तिला मांडीवर घिऊन बसले हुते. बाकीच्या बाया वर्गात हुत्या, त्यांनी त्यो नेम ऐकला, पाठ केला आन् चाचनीत तसंच मांडलं. सात कमी क्ष? ७ - क्ष = २०. आता सातातनं काय काढलं म्हंजी वीस राहत्याल? सांगा की! सातातनं काढून वीस? किकवीच्या अक्कानं तेरा उत्तर काढलं आन् म्होरची आडवी रेघ थुंकी लावून पुसून टाकली. आमच्यात ती वयानं थोरली, नवरा गेल्याली, दोन लेकरं मागं टाकून शिकाया आल्याली. चाचनी सुटल्यावर, निकालाच्या आदी, ती मला म्हनली, "ती मेली रेघ कशाला येती मला कळंना. पुसली बघ म्या."

आन् शेळ्यांच्या गणितात तर मजाच. थोरलीकडं क्ष शेळ्या. धाकटीकडं थोरलीपेक्षा पाच कमी. दोघींच्या मिळून एकोणतीस. थोरलीच्या किती?

म्या म्हनलं, थोरलीच्या क्ष, धाकटीच्या क्ष - ५. दोन्ही मिळून दोन क्ष, त्यातनं पाच गेलं, एकोणतीस राह्यलं. म्हंजी दोन क्ष चौतीस. थोरलीच्या सतरा, धाकटीच्या बारा. सतरा आन् बारा एकोणतीस. झालं.

अक्कानं धाकटीच्या लिवल्या ५ - क्ष. पाच आदी आला न्हवं, कमी त्याच्या मागनं, मग पाच आदी. आन् थोरलीच्या क्ष. दोन्ही मिळवलं तर क्ष आन् उणे क्ष एकमेकाला खाऊन टाकलं आन् राह्यलं पाच. पाच बरोबर एकोणतीस! अक्का कपाळाला हात लावून म्हनली, "सगळ्या शेळ्याच गेल्या गं. वाघानं नेल्या का काय?" तवा आमी हसलो हुतो. तिच्या डोळ्यात पानी हुतं, हसून आल्यालं.

आता माजी चुकल्याली. ती बी सांगते, लपवायचं काय.

तापाच्या दिशी वर्गात काय झालं ते अक्कानंच मला सांगितलं हुतं. म्हनली, "काय न्हाई गं, ती आडवी रेघ शिकवली. तिला उणे म्हनायचं." एवढंच. चौथीपातूर आमी वजाबाकी खाली-वर मांडायचो, थोरला आकडा वर, धाकला खाली, मधी काय वाचायचं नसायचंच. आडवी रेघ मांडायला म्या बघून शिकले हुते, वरचा आकडा डावीकडं, खालचा उजवीकडं, पन ती तोंडानं वाचली कधीच नव्हती. मग उणे म्हंजी काय? म्या माज्या डोक्यानं बघितलं. एकोणतीस म्हंजी काय? एक उणं तीस. एकोणचाळीस? एक उणं चाळीस. शाळंत हेच शिकवलं हुतं न्हवं पयल्या यत्तेत? तर उणंबी कमीसारकंच. आदीचं काढायचं, नंतरच्यातनं काढायचं.

म्हनून क्ष उणे चार बरोबर सोळा, हे म्या लिवलं ४ - क्ष = १६. आन् मग अडकले. चारातनं काय काढलं की सोळा राहत्याल? घाम फुटला. तानी कुरकुर करत हुती, पाय झाडत हुती, म्या आपलं बारा लिवून टाकलं. तीस उणे क्ष बरोबर बावीस, त्याचं म्या क्ष - ३० = २२ केलं, बावन्न उत्तर काढलं. हे चुकलं. उणेची सगळी माजी चुकली.

आता बगा मास्तरांच्या नजरंनं. सगळ्या वर्गाची कमीची चुकली, उणेची बरोबर. माजी एकटीची कमीची बरोबर, उणेची चूक. अवघड ती आली, सोपी ती गेली. मास्तरांना वाटलं, ही कशी काय? हिला एवढं साधं क्ष उणे चार येत न्हाई, आन् शेळ्यांचं येतं?

"अवघड गणितं अचूक, आणि सोपी सगळी चूक," मास्तर म्हनले. "हे कसं होतं? सांग. घाईत जेवढी दिसली तेवढी उतरवलीस ना?"

तवा कुटं मला कळलं ते काय म्हनत्यात ते. आन् भीती गेली न्हाई, पन भीतीच्या खालनं राग वर आला. असा आला की कानशिलं तापली.

"चोरलं असतं तर सोपी कशाला चुकवली असती मास्तर? सोपी बी चोरली असती!"

बाया हसल्या. मास्तरांना त्ये सहन झालं न्हाई. "आवाज खाली!" म्हनले. "मुलांच्या शाळेत असतीस तर छडी दिली असती."

म्या म्हनलं, "मला दुसरं गणित घाला. आत्ता, हितं, सगळ्यांम्होरं."

"तुझ्यासाठी मी परत परीक्षा घेऊ?"

"कमीचं घाला एक. घालाच."

ते घालंनात. टेबलावरची टोपी उचलली, डोक्यावर घातली, जायला निघाले. म्हनले, "मी तुझ्या सासऱ्यांना काय ते सांगतो. किंवा तू आत्ता सगळ्यांसमोर कबूल कर, हात जोड, म्हण की पाहिलं. मग मी बाहेर काही बोलणार नाही आणि वर्गातही ठेवीन. पुढच्या वेळी पुन्हा बस."

बघा कसं. न केल्याली चोरी कबूल करायची, मग ठेवनार. न्हाईतर मामंजींना सांगनार. आन् मामंजींच्या कानावर चोरी हा शब्द गेला, का संपलं. पास-नापास बाजूलाच. घरात मग मला कवाबी काय मागता यायचं न्हाई. चुलीजवळ मीठ सांडलं तरी चोरटी म्हनत्याल. आन् ह्यांना कळवत्याल, तिकडं लांब, जिथं ते मरायच्या दारात बसल्याती.

मागनं अक्का उठली. किकवीची. म्हनली, "मास्तर, ती म्हनती ते खरं हाय. आमी घरात तसंच मोजतो. पाच कमी शंभर म्हंजी पंच्यान्नव."

"मग तुम्ही का नाही तसं मांडलं?" मास्तर म्हनले.

"तुमी सांगितलं न्हवं, जसं वाचाल तसं मांडा. म्हनून मांडलं. आमाला वाटलं शाळंत येगळं असतंय."

तानी माजा पदर चोखाया लागली. म्या अक्काकडं बघितलं, मला तिचा बी राग आला खरं सांगते. म्हंजी ह्या सगळ्यांना ठावं हुतं! सगळ्याजनी घरात पाच कमी शंभर म्हनत हुत्या, आन् कागदावर ७ - क्ष मांडत हुत्या, कारन मास्तर म्हनले हुते! रेघ थुंकीनं पुसली, पन मास्तरांना इचारलं न्हाई. आन् म्या तेवढी घरच्यासारकी मोजली, तर चोर.

मास्तरांचं तोंड बदललं. थोडं. मला वाटलं, आता समजलं. समजलंच हुतं त्यांना, म्या सांगते. पन ते खोलीबाहीर निघाले, पायऱ्या उतरले, चिंचेकडं. म्या मागनं धावले, तानी कडेवर, पदर ढळलेला, चपला आतच राह्यल्या, बाया सगळ्या दारात.

मामंजी उठून उभं राह्यलं. रामराम घातला. मास्तरांनी बी घातला. मास्तर तोंड उघडनार, तेवढ्यात म्याच म्होरं झाले. मला ठाऊक न्हाई कशी झाले. सुनंनं सासऱ्याम्होरं मास्तरादेखत आदी तोंड उघडायचं म्हंजी आमच्यात केवढं. पन उघडलं.

"मामंजी, गाडीत पेंढ्या किती घातल्याती?"

मामंजींनी माज्याकडं बघितलं, मग मास्तरांकडं, मग गाडीकडं. त्यांना वाटलं कोन गिऱ्हाइक आलंय. "पाच कमी दोनशे," म्हनले. "तीन हितं चिंचेखाली बैलाला टाकल्या. का गं?"

म्या मास्तरांकडं वळले. "आता सांगा. पाच कमी दोनशे, हे कागदावर कसं मांडायचं? पाच आदी का दोनशे आदी?"

मास्तर म्हनले, "दोनशे वजा पाच. एकशे पंच्याण्णव."

"आन् दोनशेच्या जागी क्ष घातला तर? पाच कमी क्ष?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हनले, हळू, "क्ष वजा पाच."

"म्या तेच लिवलंय. कागदावर बघा."

"तू उणेही उलटंच लिहिलंस," मास्तर म्हनले. म्हंजी एक तरी चूक माजी हातात धरून ठेवायची हुती त्यांना. "क्ष उणे चार, तिथे क्ष आधीच येतो. उणे म्हणजे ते चिन्ह. चिन्हात जे आधी, त्यातून जे नंतर ते काढायचं. एकोणतीस हा शब्द वेगळा, चिन्ह वेगळं. बोलण्यात कमी म्हणालं की कमीनंतरचा आकडा मोठा, आणि पेक्षा म्हणालं की ज्याला पेक्षा लागलं त्यातून काढायचं. वाचल्यासारखं मांडून चालत नाही. हे मी..."

थांबले. "हे मी" म्हनून थांबले. हे त्यांनी आमाला सांगितलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं हुतं जसं वाचाल तसं मांडा. चिंचेखाली, बैलांम्होरं, मामंजींम्होरं त्यांनी पयल्यांदा नीट सांगितलं. आन् म्या पयल्यांदा नीट ऐकलं. खरंच सांगते, त्या घटकेला मला उणे समजलं. रागात समजलं, म्हनून आजपातूर इसरले न्हाई.

मामंजी मधीच म्हनले, "काय झालंय मास्तर? पोरगी पास झाली का न्हाई, येवढं सांगा. मला बाजार गाठायचाय."

आता एका शब्दाचं काम हुतं. मास्तरांनी म्हनायचं, झाली. किंवा म्हनायचं, हिची उणेची चुकली, पन बाकी कुनालाच आली न्हाईत ती हिला आली, पुन्याला हीच जाईल. येवढंच. आन् आत म्या हिला चोर म्हनलो ते खोटं, असं बी म्हनायचं. मामंजींनी ऐकलं नव्हतं अजून, पन दारात बाया उभ्या, भोर केवढं, सांजपातूर ऐकनारच.

मास्तर म्हनले, "हुशार आहे. पण तोंड फार सुटलंय. आत सगळ्यांसमोर माझ्याशी वाद घातला. आधी तिनं माफी मागावी. मग मी सांगतो."

मामंजींचं तोंड आंबलं. माज्याकडं बघून म्हनले, "मास्तरांशी वाद घातलास?"

"मास्तर मला चोर म्हनले," म्या म्हनलं. "आदी ते मागं घ्यावं. आमच्या घरातल्या मानसाम्होरं घ्यावं. मग म्या माफी मागते, वर आवाज केला म्हनून. पन आदी त्यांनी."

चोर शब्द मामंजींनी ऐकला. म्याच ऐकवला, माज्याच तोंडानं. तो ऐकल्यावर बाकी काय ऐकलं न्हाई त्यांनी.

"मास्तर, ह्याच्या मागं काय हाय का?" ते म्हनले.

मास्तर म्हनले, "तिनं माफी मागावी. एवढंच म्हणतो मी. बाकीचं माझं मी बघतो." आन् माज्याकडं न बघता, बैलांकडं बघत, "मुली, हट्ट करू नकोस. हात जोड. पुण्याला तुझंच नाव पाठवीन. कागद दुरुस्त करून घेईन."

म्हंजी सगळं मिळनार हुतं. नाव, पुनं, शिक्षन, तानीला तिथं आंगनात खेळाया. ह्यांना मी कळवलं असतं, झाले म्हनून. फकस्त हात जोडायचं, माफ करा म्हनायचं, आन् चोर हा शब्द तिथंच चिंचेखाली राहू द्यायचा, कुनी उचलायचा न्हाई. दारातनं अक्का खुना करत हुती, जोड गं, जोड. मावशी असती तर तिनं माज्या हाताला धरून जोडलं असतं.

माजं हात तानीच्या खाली हुतं. ते म्या काढलं न्हाईत.

मामंजींनी गाडी जुपली. "चल," म्हनले. एकदा. दुसऱ्यांदा म्हनायची गरज लागली न्हाई, म्या पेंढ्यांवर चढून बसले, तानीला मांडीत घिऊन. मास्तर उभंच हुतं. अक्कानं माज्या चपला आनून गाडीत टाकल्या आन् कानात म्हनली, "येडी गं येडी." चार पेंढ्या सरकवून तिनं बसायला जागा करून दिली आन् मग ती बाजूला झाली.

वाटंत, नसरापूरच्या अलीकडं, मामंजी एकदा मागं वळून म्हनले, "पाच कमी दोनशे म्हंजी किती झाल्या?" म्या म्हनलं, "एकशे पंच्यान्नव." ते म्हनले, "मग तसं म्हन की." आन् बैलाची शेपूट पिरगाळली. थट्टा हुती का राग हुता, अजून मला ठावं न्हाई.

मागनं अक्काचा निरोप आला, बाजारात भेटलेल्या बाईकडनं. दुसऱ्या दिशी मास्तरांनी फळ्यावर लिवलं: सात कमी क्ष, आन् खाली क्ष - ७. म्हनले, वाचल्यासारखं मांडू नका, मोजल्यासारखं मांडा. क्षच्या जागी शंभर घालून बघा, पटतंय का बघा. सगळ्या बायांनी उतरवून घेतलं. नेम बदलला. कुनामुळं बदलला ते कुनी बोललं न्हाई, माजं नाव तर न्हाईच. आन् पुन्याला अक्का गेली. चांगलंच झालं, तिला दोन लेकरं हायती. पन म्या घरात चुलीम्होरं बसून हे ऐकलं आन् हातातला तवा असा आपटला की सासूबाई धावत आल्या.

तानी आता चालती. पेंढ्या मोजतो तवा माज्या मागनं ती बी बोलती, पाच कमी शंभर, पाच कमी शंभर, अर्थ न कळता. म्या तिला चुकलं म्हनत न्हाई.

रोज एकदा तरी ते डोक्यात येतं. हात मोकळं असतं, तर जोडलं असतं का म्या? गपचीप जोडलं असतं तर आज पुन्यात असते, पन मास्तर मला चोरच समजत राह्यले असते का, आन् म्या बी हळूहळू स्वताला? मला ठाऊक न्हाई. सासूबाई म्हनत्यात, डोकं फिरलं हुतं. अक्का म्हनती, येडी. ह्यांचं काय मत हाय ते ह्यांनी कळवलं न्हाई, का कळवलं तर ते इथपातूर पोचलं न्हाई.

तुमी सांगा. तुमच्या कडेवर लेकरू, म्होरं मास्तर, बाजूला सासरा, मागं सगळ्या बाया, आन् केल्याली चोरी न्हाईच. तुमी काय केलं असतं? जोडलं असतं हात?